जमा एकाची, उधारी दुसऱ्याची: शेअर ब्रोकरकडच्या ग्राहकांच्या पैशाचं ऑडिट

शेअर ब्रोकरच्या बँक स्टेटमेंटवर ‘क्लायंट अकाउंट’ असं नाव आणि खाली 7 कोटी 40 लाखांची शिल्लक दिसली, की पाहणाऱ्याला हायसं वाटतं. ऑडिटरला त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. हे पैसे पुरेसे आहेत की नाहीत, ते ग्राहकांचं देणं किती आहे यावर ठरतं, आणि ते देणं बँकेच्या कागदावर कुठेच नसतं. ते असतं ब्रोकरच्या स्वतःच्या लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत. म्हणजे एक आकडा बाहेरच्याने लिहिलेला आणि दुसरा खुद्द ब्रोकरने. या दोन आकड्यांची गाठ घालून देणं, हे या ऑडिटमधलं मुख्य काम.

आधी पैसा फिरतो कसा ते पाहू. एका ग्राहकाने ब्रोकरकडे 5 लाख भरले. ते क्लायंट बँक खात्यात आले आणि लेजरमध्ये त्याच्या नावावर 5 लाखांची जमा पडली. त्याने 3 लाखांचे शेअर घेतले. ते 3 लाख क्लायंट खात्यातून सेटलमेंट खात्यात गेले आणि तिथून क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे. ही संस्था बाजारातल्या प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभी राहते, सगळ्यांकडून पैसे आणि शेअर गोळा करते आणि ज्याचं त्याला पोचवते. ग्राहकाच्या नावावर आता 2 लाख उरले. इथवर सरळ आहे.

आता त्याच ग्राहकाने फ्युचर्सचा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचा, सौदा केला आणि त्यासाठी 1 लाख मार्जिन लागलं. ब्रोकरने ते क्लायंट खात्यातून काढून क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे ठेवलं. बँकेत आता 1 लाखच आहे. पण लेजरमध्ये ग्राहकाची जमा 2 लाखच राहते, कारण मार्जिन म्हणजे खर्च नव्हे, अनामत आहे. सौदा संपला की ते परत यायचं आहे. नवशिके इथेच गडबडतात. बँकेत 1 लाख आणि देणं 2 लाख पाहून त्यांना तूट वाटते. तूट नाही, पैशाने फक्त जागा बदलली.

तेव्हा ग्राहकांचा पैसा तीन ठिकाणी असू शकतो: क्लायंट बँक खाती, सेटलमेंट खातं, आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे मार्जिन म्हणून ठेवलेली रोकड किंवा रोकडीसारखं काही, म्हणजे बँकेची एफडी, बँक गॅरंटी वगैरे. बँकांमधल्या रकमेला ‘अ’ म्हणू, क्लिअरिंगकडच्या रकमेला ‘ब’. ज्या ग्राहकांच्या नावावर जमा आहे, त्या सगळ्यांच्या जमेची बेरीज ‘क’. कुठल्याही दिवसाच्या अखेरीस अ + ब हे क पेक्षा कमी असता कामा नये. देशोदेशीचे नियम तपशिलात वेगळे आहेत. अमेरिकेत ब्रोकरला असा हिशेब करून एका वेगळ्या राखीव खात्यात पैसे ठेवावे लागतात. ब्रिटनमध्ये कामकाजाच्या दर दिवशी ताळमेळ लागतो. भारतात सेबीने 26 सप्टेंबर 2016 च्या परिपत्रकात जवळपास हीच बेरीज-वजाबाकी सूत्र म्हणून घालून दिली. पण मुळातला प्रश्न सगळीकडे तोच: जमा असलेले सगळे ग्राहक उद्या सकाळी पैसे मागायला आले, तर आहेत का?

‘क’ मध्ये फक्त जमा असलेले ग्राहक धरायचे, यावरच सगळा डाव आहे. ब्रोकरच्या लेजरमध्ये काही ग्राहक उलट बाजूलाही असतात. त्यांनी शेअर घेतले, पैसे अजून भरले नाहीत, म्हणून त्यांच्याकडूनच ब्रोकरला येणं आहे. हे डेबिट बॅलन्स. बॅकऑफिसमधला माणूस सगळ्या ग्राहकांची एकच निव्वळ बेरीज काढून देतो, कारण सॉफ्टवेअर तीच आधी दाखवतं. पण एका ग्राहकाची उधारी दुसऱ्याच्या जमेतून वजा करणं म्हणजे जमेवाल्याच्या पैशाने उधारीवाल्याला शेअर घेऊन देणं. जमेवाल्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याला त्याचं व्याजही मिळत नाही, आणि तो उधारीवाला बुडाला तर पहिला खड्डा ह्याच्या पैशात पडतो.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. आकडे मी रचलेले आहेत, पण बांधणी खऱ्या कामातली आहे. रकमा कोटींत, चलन कुठलंही समजा.

एका दिवसाच्या अखेरीस ब्रोकरने दिलेलं चित्र असं. क्लायंट बँक खात्यांत, तिथल्या एफडी धरून, 7.40. सेटलमेंट खात्यात 0.60. क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे 5.50. एकूण 13.50. जमा असलेल्या ग्राहकांची बेरीज 13.10, उधारीवाल्यांची 2.90. ब्रोकरच्या तक्त्यात 13.10 मधून 2.90 वजा करून निव्वळ देणं 10.20 धरलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जादा 3.30.

पहिली दुरुस्ती वरचीच. उधारी वजा करायची नाही. 13.50 मधून 13.10 गेले, जादा 0.40. एका फटक्यात 2.90 उडाले, पण अजून ब्रोकर रेषेच्या वर आहे.

दुसरी दुरुस्ती एफडीची. 0.50 ची एक एफडी क्लायंट खात्याच्या बँकेत आहे. ती क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या नावे लिएन करून, म्हणजे त्यांच्या हक्काखाली अडकवून, मार्जिन म्हणून दिलेली आहे. बँकेला विचारलं तर बँक म्हणते, हो, आमच्याकडे ही एफडी आहे. क्लिअरिंगला विचारलं तर तेही म्हणतात, हो, ही एफडी आमच्या हिशेबात आहे. दोघंही खरं बोलतात आणि ब्रोकर दोन्हीकडे ती मोजतो. हे पकडायला हुशारी लागत नाही, चिकाटी लागते: दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि एफडीचे क्रमांक एकेक करून जुळवायचे. बँक गॅरंटीबाबतही तेच. गॅरंटी काढण्यासाठी बँकेने जी एफडी तारण म्हणून अडकवली, ती ‘अ’ मध्ये आणि गॅरंटी ‘ब’ मध्ये असं धरलं की एकच पैसा दोनदा उभा राहतो. ही 0.50 काढली की अ + ब = 13.00. आता 0.10 ची तूट दिसते.

तिसरी दुरुस्ती ब्रोकरच्या बाजूची आहे, आणि तीही प्रामाणिकपणे करायला हवी. ग्राहकांनी दिलेले 0.30 चे चेक बँकेत टाकलेत, लेजरमध्ये जमा केलेत, पण अजून वटलेले नाहीत. ज्यांचे पैसे आलेच नाहीत त्यांना ते देणं लागत नाही, म्हणून ‘क’ 13.10 वरून 12.80 होतो. जादा 0.20. इथे ऑडिटर पुढच्या काही दिवसांचं बँक स्टेटमेंट मागून ते चेक खरोखर वटले का ते पाहतो. चेक परत आला असेल आणि मधल्या दिवसांत त्याच जमेवर ग्राहकाला पैसे काढू दिले असतील, तर ते पैसे कुणाचे होते हा वेगळा मुद्दा निघतो.

चौथी दुरुस्ती सौद्यांच्या तारखेची. आज झालेल्या सौद्याचं बिल आजच लेजरमध्ये पडतं, पण पैसे क्लिअरिंगशी सेटलमेंटच्या दिवशी हलतात. इथे तो दिवस उद्याचा आहे. आज ज्यांनी शेअर विकले त्यांच्या नावावर 0.40 जमा पडले, पण ते उद्या येणार. आज ज्यांनी शेअर घेतले आणि ज्यांच्या खात्यात पुरेशी जमा होती, त्यांच्याकडून 1.10 वजा झाले, पण ते पैसे आज रात्री अजून ब्रोकरच्याच हातात आहेत. ‘क’ मधून 0.40 काढायचे आणि 1.10 परत घालायचे. 12.80 चे 13.50 होतात.

आता हाताशी 13.00 आणि देणं 13.50. अर्ध्या कोटीची तूट.

या चौथ्या दुरुस्तीवर जरा थांबतो, कारण सेटलमेंट खात्यांतला सगळ्यात चकवणारा भाग हाच आहे. बाजारात खरेदी जोरात असते त्या दिवशी ब्रोकरच्या लेजरमधलं देणं कमी दिसतं आणि बँक भरलेली दिसते. ही भरती एका रात्रीपुरती असते. सकाळी क्लिअरिंग ते ओढून घेतं. एखाद्याने त्या रात्रीच्या ‘जादा’ रकमेतून स्वतःच्या खात्यात पैसे वळवले, तर त्याने खरं तर ग्राहकांचे उद्या भरायचे पैसे वळवले. विक्रीच्या दिवशी उलट होतं आणि बिचारा नीट वागणारा ब्रोकरही तुटीत दिसतो. म्हणून बिलांची दुरुस्ती न केलेला ताळमेळ, मग तो जादा दाखवो की तूट, मी वाचतच नाही.

याच कारणाने सेटलमेंट खात्यातली शिल्लकही निरखून पाहायची. हे खातं वाटसरूसारखं असावं: सकाळी क्लिअरिंगला द्यायचे पैसे त्यात यावेत, जावेत, नंतर क्लिअरिंगकडून आलेले पैसे पडावेत आणि क्लायंट खात्याकडे निघावेत. आपल्या उदाहरणात 0.60 होते. ते त्या दिवशीच्या पे-आउटचे, म्हणजे क्लिअरिंगकडून आलेले निघाले आणि दुसऱ्या दिवशी क्लायंट खात्यात गेले, म्हणून हरकत नव्हती. पण तिथे चार-पाच दिवस एकच रक्कम बसून असेल, तर ती कुणाची हे विचारायचं. बहुतेकदा ज्या ग्राहकाला द्यायची त्याचा बँक तपशील चुकीचा असतो. कधी कधी मात्र ब्रोकरला ती तिथेच हवी असते.

तूट अर्ध्या कोटीवर थांबली का? नाही. क्लिअरिंगकडच्या रकमेत अजून एक गाठ आहे. ब्रोकर स्वतःसाठीही सौदे करतो. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या सौद्यांवर 0.80 मार्जिन अडकलेलं होतं. हे 0.80 ‘ब’ मध्ये मोजले गेलेत, पण ग्राहकांच्या उपयोगाचे नाहीत. उद्या ब्रोकरचा सौदा तोट्यात गेला तर क्लिअरिंग त्यातूनच वसूल करेल. नियम साधा आहे: स्वतःच्या सौद्यांचं मार्जिन स्वतःच्या पैशातून. म्हणजे आधी ग्राहकांचं देणं पुरं करून जी रक्कम जादा उरेल, त्यात ते बसलं पाहिजे, नाहीतर त्यासाठी ब्रोकरने स्वतःचे शेअर तारण दिलेले असले पाहिजेत. इथे जादा काही उरलेलंच नाही आणि असे शेअरही दिलेले नाहीत. तेव्हा खरी तूट 0.50 अधिक 0.80, म्हणजे 1.30.

मग हे 1.30 गेले कुठे? उधारीवाल्या ग्राहकांकडे. त्यांच्याकडून येणं 2.90 होतं. त्यांचे शेअर घ्यायला कुणाचे तरी पैसे गेलेच असणार. 1.30 जमेवाल्या ग्राहकांचे गेले, उरलेले 1.60 ब्रोकरचे. म्हणजे ब्रोकरच्या स्वतःच्या भांडवलातले 2.40 या व्यवसायात होते: 1.60 उधारीत आणि 0.80 स्वतःच्या मार्जिनमध्ये. हिशेब जुळतो: हाताशी 13.00 आणि येणं 2.90 मिळून 15.90, त्यातून देणं 13.50 गेलं की 2.40.

मला हे उदाहरण आवडतं ते यासाठी की यात चोर कुणी नाही. ब्रोकरकडे स्वतःचे 2.40 कोटी आहेत, एकही खोटा कागद नाही, ताळेबंद उत्तम. सर्वसाधारण ऑडिटमध्ये हा ब्रोकर सहज उत्तीर्ण होईल, कारण तिथे प्रश्न असतो तो ‘मालमत्ता देण्यापेक्षा जास्त आहे का’ हा. ग्राहकांच्या पैशाच्या ऑडिटचा प्रश्न वेगळा आहे: मालमत्ता योग्य जागी आहे का. उधारीवाल्याकडून येणं ही मालमत्ता खरीच आहे, पण बाजार एका दिवसात जोरात पडला आणि उधारीवाला फोन उचलेनासा झाला, की तिची किंमत काय उरेल ते सांगता येत नाही.

आता या आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा ते पाहू.

‘अ’ आणि ‘ब’ चे पुरावे बाहेरून यायला हवेत, आणि ‘बाहेरून’ या शब्दाचा अर्थ इथे फार काटेकोर आहे. अमेरिकेत पेरेग्रीन फायनान्शियल ग्रुप नावाची फ्युचर्स ब्रोकर कंपनी होती. तिचा मालक रसेल वॉसेनडॉर्फ सुमारे वीस वर्षं बँकेची स्टेटमेंट स्वतः बनवत होता: स्कॅनर, प्रिंटर आणि चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर वापरून. तपासनीस बँकेला पत्र पाठवून शिल्लक विचारत, आणि उत्तरही येई. फक्त ते पत्र ज्या पत्त्यावर जायचं तो पोस्टातला खण वॉसेनडॉर्फनेच घेतलेला होता. उत्तर तोच लिहायचा. 2012 मध्ये नियामक संस्थेने शिल्लक थेट बँकेकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घ्यायचा आग्रह धरला आणि त्याच जुलैमध्ये डाव संपला. कागदावर 20 कोटी डॉलरहून जास्त होते, बँकेत 50 लाखांच्या आसपास. त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणात तपासणी झाली नाही असं नाही. पत्र गेलं, उत्तर आलं, फाइलला लागलं. चुकलं ते एवढंच की बँकेचा पत्ता ज्याची तपासणी चालू होती त्यानेच दिला होता. म्हणून बँकेचा पत्ता, ईमेल किंवा संपर्काचा माणूस ब्रोकरकडून घ्यायचा नाही, स्वतः शोधायचा. ब्रोकरने संगणकावर बँकेचं पान उघडून शिल्लक दाखवली तर ती पाहावी, पण पुरावा म्हणून धरू नये. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा अहवालही शक्यतो तिथूनच थेट यावा. ब्रोकरने एक्सेलमध्ये उतरवलेला आला तर निदान काही रकमा मूळ अहवालाशी ताडून पाहाव्यात.

‘क’ चं दुखणं याहून अवघड. देणं कमी दाखवायचं तर बँकेत काही करावं लागत नाही, लेजरमध्ये एक नोंद पुरते. आपल्या उदाहरणातला ब्रोकर तूट झाकू पाहत असता, तर त्याने काय केलं असतं? एका मोठ्या जमेवाल्याच्या खात्यातून दिवसअखेरीस जेव्हीने, म्हणजे पैसे न हलवता केलेल्या नोंदीने, 0.25 एका उधारीवाल्याच्या खात्यात टाकले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद उलटवली असती. जमा 0.25 ने घटली, उधारीही तितकीच घटली, आणि तूट तेवढ्याने आकसली. दोघांचं आडनाव एक असेल तर विचारल्यावर ‘एकाच घरातली खाती आहेत’ असं उत्तर तयार असतं. घर एक असेल, ग्राहक दोन आहेत. लेखी संमती असल्याशिवाय, आणि कित्येक ठिकाणी असली तरीही, ही नोंद चालत नाही.

ही नोंद शोधायची युक्ती अशी: दोन ग्राहकांमधल्या सगळ्या जेव्ही वेगळ्या काढायच्या, रकमेनुसार लावायच्या, आणि एक-दोन दिवसांत तीच रक्कम उलट गेलेली दिसते का ते पाहायचं. संगणकावर अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच बैठकीत ‘एरर अकाउंट’, ‘सस्पेन्स’ असल्या नावाची लेजर खातीही उघडायची. ग्राहकाला द्यायचे पैसे त्याच्या नावावरून उचलून अशा खात्यात टाकले, की ग्राहकांच्या यादीत ते दिसत नाहीत आणि ‘क’ गुपचूप घटतो. एकदा एका ठिकाणी मला असंच एक खातं सापडलं. ‘ओळख न पटलेल्या जमा’ असं सोज्वळ नाव होतं. आतल्या बहुतेक नोंदींपुढे भरणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ग्राहक क्रमांक दोन्ही छापलेलं होतं. ओळख पटवायची इच्छा नव्हती, एवढंच.

आणखी एक बाहेरची खूण म्हणजे स्वतः ग्राहक. काही ग्राहक निवडून त्यांना थेट विचारायचं: अमुक तारखेला तुमची इतकी जमा होती, बरोबर का? निवड करताना सगळे मोठ्या जमेचे घेऊ नयेत. ज्यांची शिल्लक शून्य दाखवली आहे, त्यांतलेही काही घ्यावेत. देणं लपवलेलं असेल तर ते लहान आकड्यांत नसतं, शून्यात असतं.

आता खात्याच्या नावाकडे परत येतो, कारण आकडा बरोबर असूनही पैसा उघड्यावर राहू शकतो. बँकेत ठेवलेला पैसा ग्राहकांचा आहे, हे बँकेला माहीत असलं पाहिजे आणि तिने तसं लिहून दिलेलं असलं पाहिजे. ब्रोकरने त्याच बँकेकडून कर्ज घेतलं आणि ते थकलं, तर बँक त्याच्या इतर खात्यांतून वसुली करू शकते. ग्राहकांच्या खात्याला तिने हात लावू नये म्हणून हे पत्र. ऑडिटर खात्याचं नाव, उघडल्याची तारीख आणि पत्राची तारीख तिन्ही पाहतो. पत्र खातं उघडल्यानंतर दोन वर्षांनी आलं असेल, तर ती दोन वर्षं पैसा उघडाच होता.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लंडनमधलं आहे, आणि त्यात ऑडिटरही सापडले. जेपी मॉर्गन सिक्युरिटीज या कंपनीने फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या ग्राहकांचे पैसे नोव्हेंबर 2002 ते जुलै 2009 या काळात स्वतःच्याच समूहातल्या बँकेत वेगळे न ठेवता ठेवले होते. ही रक्कम 1.9 अब्ज ते 23 अब्ज डॉलर यांच्या दरम्यान असायची. चूक हेतुपुरस्सर नव्हती, कुणाचा पैसा बुडाला नाही, कंपनीने स्वतःच ती कळवली. तरीही ब्रिटनच्या नियामकाने 2010 मध्ये 3 कोटी 33 लाख पौंडांहून थोडा जास्त दंड केला. मग प्रश्न आला की दर वर्षी ‘ग्राहकांचा पैसा नीट ठेवलेला आहे’ असा अहवाल देणाऱ्या पीडब्ल्यूसीने काय पाहिलं होतं. 2012 मध्ये त्यांनाही 14 लाख पौंडांचा दंड झाला. समूहातलीच बँक असली की खात्याचं नाव आणि पत्र तपासायला माणूस ढिला पडतो. घरच्याच माणसाला पावती कोण मागतं?

शेवटचा मोठा भाग मार्जिनच्या वाटणीचा. आतापर्यंत आपण सगळे ग्राहक एका गठ्ठ्यात धरले. गठ्ठा पुरेसा भरला तरी आत एकाचा पैसा दुसऱ्याच्या सौद्याखाली असू शकतो. म्हणून क्लिअरिंगकडे ठेवलेली रक्कम कुठल्या ग्राहकाच्या नावावर किती, हे ब्रोकरने कळवायचं असतं. भारतात ही ग्राहकवार विभागणी 2022 च्या मेपासून लागू झाली. ऑडिटर दोन याद्या जुळवतो: क्लिअरिंगला कळवलेली वाटणी आणि लेजर. एखाद्याची लेजरमध्ये जमा 20 लाख, स्वतःचं दुसरं तारण काही नाही, आणि क्लिअरिंगकडे त्याच्या नावावर 35 लाख दाखवलेत. वरचे 15 लाख कुणाचे? ब्रोकरचे असतील तर ते ग्राहकांचं देणं फेडून उरलेल्या जादा रकमेत दिसायला हवेत. आपल्या ब्रोकरकडे जादा काही नव्हतंच. म्हणजे ते दुसऱ्या ग्राहकाचे.

उलट बाजूही पाहायची. एखाद्याची जमा 20 लाख, त्याचा सौदा एकही नाही, क्लिअरिंगकडे त्याच्या नावावर शून्य, आणि तरी बँकेतही एकूण पैसा कमी. त्याचा पैसा नेमका कशात आहे हे ब्रोकरला सांगता आलं पाहिजे.

राहिली तारीख. ब्रोकर म्हणतो, 31 मार्चचा ताळमेळ बघा. त्या तारखेला सगळे छान असतात. मालक ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी पैसे घेऊन क्लायंट खात्यात टाकतो, आठवड्यात परत काढतो. म्हणून तारखा ऑडिटरने निवडायच्या आणि आधी सांगायच्या नाहीत. मी निवडतो ते दिवस असे: बाजार जोरात पडला त्याचा दुसरा दिवस, ब्रोकरने कर्जाचा हप्ता भरला तो दिवस, आणि क्लायंट खात्यातून ब्रोकरच्या स्वतःच्या खात्यात गोल आकडा गेला तो दिवस. दलाली आणि कर कापून नेले तर आकडा पैशांसकट वाकडातिकडा असतो. बरोबर 50 लाख कधीच दलाली नसते.

आपल्या उदाहरणातल्या ब्रोकरला तूट दाखवल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी 1.30 भरले. भरलेच पाहिजेत. पण अहवालात तूट त्या दिवसाची, त्या रकमेची म्हणून लिहायचीच, आणि हे 1.30 कुठून आले तेही पाहायचं. ते कर्ज काढून आणले आणि त्या कर्जाला ग्राहकांच्याच नावची एफडी तारण दिली असेल, तर ‘अ’ चा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.